मधे उतरलो तर पुढचं तिकीट चालतं का? रेल्वे बोर्डाला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष तथा मुख्य कार्यकारी अधिकारी,
रेल्वे बोर्ड, रेल भवन, नवी दिल्ली

विषय : लांबच्या प्रवासात मधे उतरण्याचा, म्हणजे 'ब्रेक जर्नी'चा नियम

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी कल्याणची. माहेर नागपूरचं, त्यामुळे मध्य रेल्वेचा मुंबई–नागपूर हा मार्ग लग्नापासून पायाखालचा. या मार्गावर शेगाव आहे, आणि आमच्याकडे नागपूरला जाताना शेगावला उतरून गजानन महाराजांचं दर्शन घेणं हे वेगळं ठरवावंही लागत नाही. दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं, "नागपूरचंच तिकीट काढून मधे शेगावला उतरलो, तर पुढे तेच तिकीट चालतं का?" प्रत्येक वेळी चार जणांकडून चार उत्तरं येतात. एक म्हणतो चालतं, दुसरा म्हणतो पूर्वी चालायचं. तिसऱ्याला टीसीने दंड लावलेला असतो. चौथा म्हणतो, ज्याचं नशीब तसं.

उत्तर तुमच्याच नियमात आहे, आणि ते नशिबावर सोडलेलं नाही. तक्रार अशी की हा चांगला नियम आज सामान्य प्रवाशाच्या हाती लागतच नाही. तो आधी इथे सांगते, कारण हे पत्र वाचणाऱ्या प्रवाशांनाही तो कळायला हवा.

एका दिशेचं तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा लांबचं असेल, तर प्रवाशाला वाटेत उतरता येतं. पहिला मुक्काम मात्र निघाल्यापासून ५०० किलोमीटर झाल्याशिवाय करता येत नाही. तिकीट १,००० किलोमीटरपर्यंतचं असेल तर असा एक मुक्काम, त्याहून लांबचं असेल तर दोन. प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त दोन दिवस राहता येतं, आणि त्यात पोहोचल्याचा आणि निघण्याचा दिवस धरत नाहीत. उतरल्या स्थानकावर स्टेशन मास्तरांकडून किंवा तिकीट तपासनिसाकडून तिकिटावर स्थानकाचा संक्षेप, तारीख आणि सही घ्यायची. राजधानी, शताब्दी, जनशताब्दी या गाड्यांना ही सवलत नाही. जोडगाडी पकडण्यासाठी एखाद्या स्थानकात चोवीस तासांच्या आत थांबलं, तर तो मुक्काम धरलाच जात नाही.

नियम एवढाच आहे. आता तो आमच्या मार्गावर लावून बघू.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नागपूर ८३७ किलोमीटर. म्हणजे तिकीट ५०० च्या वरचं पण १,००० च्या आतलं, आणि मधे एकदा उतरण्याची मुभा. कुठे उतरता येईल? नाशिक रोड १८७ वर आहे, तिथे नाही. मनमाड २६० च्या आसपास, तिथेही नाही. अजिंठ्यासाठी जळगावला उतरावं म्हटलं तर ते ४२० वर. भुसावळ ४४४, मलकापूर ४९४. मलकापूरच्या माणसाला बघा, सहा किलोमीटरसाठी गाव हुकलं. नांदुरा लागलं की ५०० ओलांडतात, आणि शेगाव साधारण ५४७ वर येतं. तेव्हा मुंबईहून नागपूरचं तिकीट असलेला प्रवासी शेगावला हक्काने उतरू शकतो. अकोल्याला, बडनेऱ्याला, सेवाग्रामसाठी वर्ध्यालाही उतरू शकतो.

शुक्रवारी संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसने तो निघाला असं धरू. शेगाव येतं तेव्हा शनिवारची पहाट असते. शनिवार हा पोहोचल्याचा दिवस, तो मोजायचा नाही. रविवार आणि सोमवार हे मोजायचे दोन दिवस. मंगळवार निघण्याचा, तोही मोजायचा नाही. मंगळवारी रात्री बाराच्या आत त्याने पुढची गाडी धरली की तिकीट जिवंत आहे. बुधवार उजाडला की ते संपलं. मग त्याच तिकिटावर तो गाडीत सापडला, तर विनातिकीट प्रवासी ठरेल आणि उरलेल्या अंतराचे पैसेही परत मिळणार नाहीत. यातली एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. रात्री पावणेबाराला पोहोचणारी गाडी उशिरा धावून साडेबाराला पोहोचली, तर पोहोचल्याची तारीख बदलते आणि प्रवाशाच्या पदरात एक दिवस जास्त पडतो. रेल्वेच्या उशिराने प्रवाशाचं भलं होतं असा दुसरा प्रसंग मला माहीत नाही.

आता हाच नियम कल्याणला लावा. विदर्भ एक्सप्रेस दादरला थांबते, ठाण्याला थांबते, कल्याणला थांबते. दादरहून शेगाव ५३८ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुभा आहे. ठाण्याहून ५१३, अजूनही आहे. कल्याणहून ते ४९३ च्या घरात येतं आणि मुभा संपते. गाडी तीच, डबा तोच, समोरच्या बाकावर ठाण्याला चढलेलं कुटुंब. त्यांनी शेगावला उतरून तिकिटावर सही घ्यायची, आणि कल्याणकरांनी शेगावचं एक आणि तिथून नागपूरचं दुसरं, अशी दोन तिकिटं काढायची. माझ्या शेजारच्या काकू यावर म्हणाल्या, "मग आपण मागे ठाण्याला लोकलने जाऊन चढायचं की काय?" हसण्यावारी गेलं, पण नियमाच्या भाषेत त्यांचं बरोबर होतं.

उलट्या दिशेला तर आणखी कमाल आहे. नागपूरहून मुंबईला येताना शेगाव २९० किलोमीटरवर लागतं, तेव्हा तिथे उतरता येत नाही. भुसावळलाही नाही. मनमाडला मात्र उतरता येतं, कारण नागपूरहून ते ५७७ च्या पुढेमागे आहे, आणि नाशिक रोड ६५० वर. म्हणजे नागपूरच्या माणसाला त्याच तिकिटावर साईबाबांच्या दर्शनाला जाता येतं, पण गजानन महाराजांच्या नाही. मुंबईच्या माणसाचं नेमकं उलट. दोन्ही संतांना यात काही वावगं वाटलं नसतं, पण तिकीट काढणाऱ्याला वाटतं. दोघांचं अंतर ८३७ आणि दोघांचं भाडं सारखं, तरी मुक्कामाचं ठिकाण प्रवास कुठल्या टोकाने सुरू झाला यावर ठरतं.

५०० किलोमीटरची अट ठेवण्यामागे काही कारण असेल, त्यावर माझा वाद नाही. जवळच्या प्रवासात रोज चढ-उतार करणाऱ्यांनी ती वापरू नये, हे पटण्यासारखं आहे. पण त्यासाठी तिकीट एकूण ५०० च्या वरचं असणं पुरे आहे. पहिला मुक्काम ५०० नंतरच हवा, या जोडीच्या अटीने नेमकी कोणती गैरसोय टळते ते कळत नाही. निदान ५०० हे अंतर कुठल्याही एका टोकापासून धरावं, म्हणजे उतरण्याचं ठिकाण सुरुवातीपासून ५०० किलोमीटरपलीकडे असलं काय किंवा शेवटच्या स्थानकापासून ५०० किलोमीटरपलीकडे असलं काय, दोन्ही चालावं. तेवढ्यानेही मुंबई–नागपूर मार्गावरचं शिर्डी आणि शेगाव दोन्ही दिशांना उघडतं. कल्याणचा प्रश्न मात्र त्यानेही सुटत नाही हे मी जाणून आहे. कल्याणहून शेगाव ५०० च्या आत आणि शेगावहून नागपूर २९०. त्याला एकूण अंतराचीच अट लागेल. शिवाय आमच्यातले काही जण तिकीट मुंबईहून काढून चढण्याचं स्थानक कल्याण करून घेतात. अशा वेळी ५०० किलोमीटर तिकिटावरच्या स्थानकापासून धरायचे की चढल्या ठिकाणापासून, हे एका ओळीत लिहून टाका. प्रत्येक तपासनिसाने आपापला अर्थ लावण्यापेक्षा ते बरं.

मुभा नाही तर दोन तिकिटं काढा, त्यात काय एवढं, असं कोणी म्हणेल. त्यात पैसे जातात, म्हणून हा सगळा खटाटोप. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला कमी होत जातं. त्यामुळे ८३७ किलोमीटरचं एक तिकीट हे ५४७ आणि २९० च्या दोन तिकिटांपेक्षा स्वस्त असतं. दुसऱ्या तिकिटाला पुन्हा पहिल्या, महागड्या किलोमीटरपासून सुरुवात होते. वर आरक्षण शुल्क पुन्हा आणि अतिजलद गाडीचा अधिभार पुन्हा. तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात तर किमान ३०० किलोमीटरचं भाडं धरलं जातं, म्हणजे शेगाव–नागपूरच्या २९० साठीही ३०० चे पैसे. एका माणसाला हे जाणवत नाही. आजी-आजोबा आणि दोन मुलं धरून सहा जणांचं कुटुंब निघालं, की फरकाच्या पैशात शेगावचा सगळा मुक्काम निघतो.

आता ज्यांना नियमाप्रमाणे मुभा आहे त्यांचं काय होतं, ते सांगते. पत्र लिहायला घेतलं ते मुख्यतः यासाठी.

तिकीट चालतं का, या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र बांधलेले असतात, आणि घोटाळा तिथे होतो. एक हक्क प्रवासाचा, दुसरा बर्थचा. पुठ्ठ्याच्या तिकिटांच्या काळात हे दोन वेगळे आहेत हे डोळ्यांना दिसायचं. भाड्याचं तिकीट वेगळं आणि आरक्षणाची नोंद वेगळी. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून संगणकावर आरक्षण आलं आणि दोन्ही एका कागदावर छापून यायला लागली. तेव्हापासून लोकांना वाटतं की नागपूरपर्यंतचं तिकीट म्हणजे नागपूरपर्यंतचा बर्थ, आणि तो आपण शेगावहून परत येईपर्यंत आपली वाट बघत राहील. तसं नसतं. बर्थ एका गाडीचा आणि एका तारखेचा असतो. शुक्रवारच्या विदर्भ एक्सप्रेसमधला बर्थ शेगावला सोडला, की तो त्या गाडीपुरता संपला. तपासनीस तो पुढे आरएसीवाल्याला देतो, आणि त्याने तसं केलंच पाहिजे. मंगळवारी त्याच नंबरच्या गाडीत जुनाच बर्थ नंबर दाखवून बसायला गेलात, तर तिथे दुसरं कोणी झोपलेलं असतं आणि तुम्ही दंडाला पात्र असता. सही घेतलेली असेल तर प्रवासाचा हक्क शाबूत राहतो. राखीव डब्यात बसायचं तर मंगळवारच्या गाडीचं वेगळं आरक्षण लागतं. ते नसेल तर जनरल डबा.

म्हणून शहाणा मार्ग असा की दोन्ही गाड्यांचं आरक्षण सुरुवातीलाच, एकाच वेळी करावं. आरक्षणाच्या फॉर्मवर खाली पुढच्या किंवा परतीच्या प्रवासाचा रकाना असतो. वर पहिली गाडी मुंबई ते शेगाव, तारखेसह लिहायची. खालच्या रकान्यात दुसरी गाडी शेगाव ते नागपूर, तिच्या तारखेसह. आणि खिडकीवर स्पष्ट शब्दांत सांगायचं की शेगावला ब्रेक जर्नी आहे, भाडं मुंबई ते नागपूर सलग लावा. हे नीट झालं की नाही, हे खिडकीसमोरून हलण्याआधीच ओळखता येतं. तिकिटावर किलोमीटर छापलेले असतात. तिथे ८३७ दिसले तर सलग भाडं लागलं. एका कागदावर ५४७ आणि दुसऱ्यावर २९० आणि दोन्हींवर पूर्ण भाडं दिसलं, तर तुम्हाला दोन सुटी तिकिटं दिलेली आहेत. तिथल्या तिथे परत करून बदलून घ्या. गाडीत बसल्यावर याला इलाज नाही.

मुंबई परिसरातल्या एका मोठ्या आरक्षण केंद्रावर माझ्या दिराने असा फॉर्म दिला, तेव्हा पलीकडच्या तरुण कारकुनाने विचारलं, "हे काय असतं?" त्याने वरिष्ठांना विचारलं. वरिष्ठ म्हणाले, असं होतं पूर्वी, आता दोन वेगळी काढा. रांग तुंबली आणि मागची माणसं चिडली, तेव्हा दिराने दोन तिकिटं काढली. कारकुनाचा दोष मी धरत नाही. ज्या नियमाचा फॉर्म दिवसातून एकदाही समोर येत नाही, तो त्याला कसा आठवणार? पण तुमच्या पुस्तकातला नियम तुमच्याच खिडकीवर इतिहासजमा झाल्यासारखा सांगितला जातो, हे तुम्हाला कळायला हवं.

सहीचीही तीच कथा. पहाटे शेगावला उतरल्यावर शंभर माणसं बाहेर पडायच्या घाईत असतात. स्टेशन मास्तर गाडी रवाना करण्यात गुंतलेले असतात, तपासनीस दारावर असला तर असतो. लोक विचार करतात की कुणी विचारलं तर सांगू. मुक्कामानंतर पुढच्या गाडीत तपासनीस विचारतो, तेव्हा तिकिटावर पहिल्या गाडीची तारीख असते आणि मधल्या दिवसांचा कुठलाच पुरावा नसतो. हा माणूस शेगावला रीतसर थांबला की तेच तिकीट दुसऱ्यांदा वापरतोय, हे तपासनिसाने कसं ओळखायचं? त्याच्या जागी मी असते तर मीही सोडलं नसतं. तेव्हा प्रवाशांनो, सही उतरल्या उतरल्याच घ्या. गाडी सुटेपर्यंत पाच-दहा मिनिटं फलाटावर थांबावं लागलं तरी थांबा. तारीख आणि स्थानकाचा संक्षेप वाचता येतोय ना, ते बघा. नुसत्या सहीच्या फराट्याचा उपयोग नाही.

आता इंटरनेटवरच्या तिकिटांकडे येते. आयआरसीटीसीने २००२ मध्ये ऑनलाइन तिकिटं सुरू केली, पुढे ई-तिकीट आलं आणि आज आरक्षण करणारे बहुसंख्य लोक खिडकीकडे फिरकतही नाहीत. वेबसाइटवर एका वेळी निघण्याचं स्थानक, पोहोचण्याचं स्थानक आणि तारीख भरायची. मधे शेगाव, आणि पुढची गाडी मंगळवारची, असं लिहायला जागा कुठेही नाही. दोन गाड्या लागोपाठ काढल्या तर दोन पीएनआर आणि दोन स्वतंत्र भाडी. आणि समजा कुणी सलग नागपूरचं ई-तिकीट काढून शेगावला उतरलाच, तर स्टेशन मास्तरांनी सही कशावर करायची? मोबाइलच्या काचेवर? ज्या काळात कागद प्रवाशाच्या खिशात असायचा त्या काळासाठी नियम लिहिलेला आहे. कागद गेला, आणि त्याच्याबरोबर नियमही गेल्यासारखाच झाला. तो कुणी रद्द केल्याचं जाहीर झालं नाही. फक्त तो वापरायचं दार बांधायचं राहून गेलं.

१ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर एकमेकांना जोडण्याची सोय तुम्ही दिलीत, ती चांगली आहे. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे रद्द करण्याचं शुल्क न कापता परत मिळतात. त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत मागणी करावी लागते. पण ही सोय आणि ब्रेक जर्नी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कित्येक जण 'जोडलेली तिकिटं आहेत, म्हणजे एकच तिकीट' असं समजतात. जोडल्याने भाडं सलग होत नाही, दोन्हींचं भाडं वेगवेगळंच राहतं. ही गाडी चुकण्याविरुद्धची सोय आहे, मुक्कामाची नाही. मला यातून एवढंच दिसतं की दोन पीएनआर एकाच प्रवासाचे आहेत, हे तुमच्या संगणकाला समजतं. एवढं समजणाऱ्या यंत्रणेला त्या दोन्हींवर सलग अंतराचं भाडं लावायला शिकवणं फार अवघड नसावं.

म्हणून माझी पहिली मागणी हीच. ऑनलाइन तिकीट काढताना 'वाटेत मुक्काम' असा एक पर्याय द्या. प्रवाशाने मधलं स्थानक निवडावं, ते नियमात बसतं की नाही हे संगणकाने किलोमीटर मोजून तिथेच सांगावं, पुढच्या गाडीची तारीख मुदतीतली आहे ना ते बघावं आणि एकच भाडं घ्यावं. मग सहीचीही गरज उरत नाही. कुठे उतरणार आणि कधी निघणार, हे तिकिटातच असेल. तपासनिसाच्या हातात आता आरक्षणाची यादी दाखवणारं यंत्र असतंच. मंगळवारच्या गाडीत त्याला नाव, बर्थ आणि मागचा प्रवास एकत्र दिसला, तर त्याचाही वाद वाचेल.

यात रेल्वेचं नुकसान आहे, हे मी नाकारत नाही. दोन तिकिटांऐवजी एक विकलं जाईल आणि फरकाचे पैसे तुम्हाला मिळणार नाहीत. पण दुसरी बाजूही मोजा. ज्याला मुक्काम आधी सांगायची सोय नाही आणि ज्याला नियम अर्धवट माहीत आहे, तो नागपूरपर्यंतचा बर्थ घेऊन शेगावला उतरतो. तो बर्थ पुढचे २९० किलोमीटर, आरएसीवाला कुणी नसेल तर, रिकामा जातो. तोच मुक्काम आधी नोंदवला गेला असता, तर शेगाव ते नागपूर हा बर्थ दुसऱ्याला विकता आला असता. अकोल्याहून नागपूरला जाणारे आणि वेटिंगवर ताटकळणारे किती असतात, ते तुमच्याकडच्या आकड्यांत असेलच.

दुसरी मागणी ५०० किलोमीटरच्या अटीची, ती वर लिहिलीच आहे.

तिसरी छोटी आहे, तिला पैसे लागत नाहीत. कोणत्या गाड्यांना ही मुभा नाही त्यांची यादी आजची करा. राजधानी, शताब्दी आणि जनशताब्दी ही नावं लोकांना माहीत आहेत. पण २०१९ मध्ये वंदे भारत आली, त्याआधी दुरांतो आली, तेजस आली. यातल्या कोणत्या गाडीच्या तिकिटावर मधे उतरता येतं आणि कोणत्यावर नाही, हे एका पानावर, गाडीच्या प्रकारानुसार, मराठीसकट प्रादेशिक भाषांत छापा. ते पान आरक्षण खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, म्हणजे कारकुनाला वाचता येईल, आणि बाहेरूनही, म्हणजे आम्हाला.

काशीला जाणाऱ्यांसाठीही हे लिहिते आहे. मुंबई ते वाराणसी प्रवास १,००० किलोमीटरच्या कितीतरी वर आहे, त्यामुळे त्या तिकिटावर दोन मुक्काम करता येतात, आणि प्रयागराज वाटेतच आहे. घरातली म्हातारी माणसं प्रयागला संगमावर स्नान करून मग काशीला जातात. त्यांना आज दोन तिकिटं विकली जातात आणि एकात काम होतं हे कुणी सांगत नाही. आरक्षणाचा फॉर्म भरताना खालचा रकाना भरा, एवढं एक वाक्य खिडकीवरच्या माणसाने बोललं तरी पुष्कळ झालं. तेवढ्यासाठी संगणकात बदल करायला नको, एक परिपत्रक पुरे. ते आषाढीच्या आधी निघालं, तर आमच्या घरातल्या पुढच्या फेरीला उपयोगी पडेल. कल्याणचा प्रश्न सुटेपर्यंत आम्ही ठाण्याहून चढू.

आपली,
मध्य रेल्वेची एक नेहमीची प्रवासी, कल्याण